कानबान कार्डं: किती छापायची, कुठे अडकवायची आणि कधी काढून घ्यायची

लहान कारखान्यात शॉर्टेजचं एक ठरलेलं चित्र असतं. स्टोअर गच्च भरलेलं असतं, रॅकखाली आणि जिन्याखालीही माल असतो, आणि तरी असेंब्ली थांबलेली असते. चार महिने पुरेल इतकं अडॅप्टर पडून आहे, पण आज लागणारं केसिंग नाही. सुपरवायझर सीएनसीवर चालू जॉब उतरवायला लावून केसिंग चढवतो. मग दुपारनंतर अडॅप्टरची ओरड सुरू होते. हे सगळं चालतं ते कुणाच्या तरी तोंडी निरोपावर, व्हॉट्सॲपवर आणि मालकाच्या फेऱ्यांवर.

कानबान कार्ड या निरोपांची जागा घेतं. ताईची ओहनो यांनी टोयोटाच्या मशीन शॉपमध्ये १९५३ च्या सुमारास ही पद्धत बसवली. कल्पना अमेरिकी सुपरमार्केटची होती: गिऱ्हाईक फळीवरून माल उचलतं आणि जेवढी जागा रिकामी होते तेवढीच मागून भरली जाते. कारखान्यात असेंब्ली हे गिऱ्हाईक, आणि सीएनसी किंवा बाहेरचा पुरवठादार हे भरणारे. क्रेटवरचं कार्ड मोकळं झालं म्हणजे एक क्रेट बनवायची किंवा आणायची परवानगी मिळाली. मोकळं कार्ड नसेल तर बनवायचं नाही आणि आणायचंही नाही. त्यामुळे एखाद्या पार्टची जेवढी कार्डं, तेवढाच त्याचा जास्तीत जास्त साठा. म्हणूनच कार्डांची संख्या नीट काढणं हे यातलं खरं काम आहे. कार्ड छापणं आणि लॅमिनेट करणं कुणीही करेल.

संख्या कशी काढायची ते एका उदाहरणावरून पाहू. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत असावा तसा एक कारखाना समजा. अर्ध्या एचपीचे घरगुती मोनोब्लॉक पंप, एक शिफ्ट, दिवसाला ६० पंप. बिडाचं केसिंग आणि अडॅप्टर यांची कास्टिंग फाउंड्रीतून येतात आणि दोन्ही एकाच सीएनसीवर मशीन होतात. बेअरिंग, सील, कॅपॅसिटर, बोल्ट हे सगळं विकत. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

कोणता पार्ट घ्यायचा आणि कोणता नाही

सगळ्या पार्ट्सना एकदम कार्डं लावू नका. रोज लागणारे, दिवसाचा खप फारसा न हलणारे आणि शॉर्टेजच्या यादीत वारंवार येणारे तीन-चार पार्ट निवडा. इथे केसिंग, अडॅप्टर आणि ६२०३ बेअरिंग हे सरळ उमेदवार आहेत.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवायच्या. वर्षातून दोनदा ऑर्डर येणाऱ्या मॉडेलचा खास इम्पेलर कार्डावर घेतला तर तेवढा माल कायमचा अडकून पडतो. तो ऑर्डर आली की मागवावा. वाइंडिंगची तांब्याची तारही कार्डावर घेऊ नये असं माझं मत आहे. ती रोज लागते हे खरं, पण तांब्याचा भाव हलतो आणि मालक ती भाव बघून घेतो. कार्ड सांगेल तेव्हा घ्यायची आणि भाव पडला की भरून ठेवायची, हे दोन नियम एका रॅकवर नांदत नाहीत.

क्रेट आधी, कार्ड नंतर

एक कार्ड म्हणजे एक क्रेट, म्हणून क्रेटमध्ये किती नग हे आधी ठरवावं लागतं. केसिंग साधारण दोन किलोचं आहे. दहा नगांचा क्रेट वीस किलो भरतो, तो एक माणूस कंबर न मोडता उचलतो. पंधरा घातले तर उचलताना दुसरा माणूस शोधावा लागेल, आणि माणूस मिळेपर्यंत क्रेट तिथेच राहील. तेव्हा दहाच.

क्रेटमध्ये पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे कप्पे असे करा की दहावाच नग शेवटचा बसेल. अकरावा बसला नाही आणि एखादा नग कमी असला तर रिकामा कप्पा लांबून दिसला, म्हणजे मोजणी करायची गरज पडत नाही. ‘साधारण दहा’ असलेल्या क्रेटवर पुढचा सगळा हिशेब कोसळतो.

सीएनसीला किती दम आहे ते पाहा

पुस्तकी सूत्र सोपं आहे: दिवसाचा खप गुणिले भरपाईला लागणारे दिवस, त्यात थोडी राखीव, भागिले क्रेटमधले नग. विकत घेतलेल्या मालाला ते चालतं आणि पुढे बेअरिंगला आपण तेच वापरू. पण एकाच मशीनवर दोन पार्ट होत असतील आणि मध्ये सेटिंग बदलावं लागत असेल, तर या सूत्राने फसगत होते. कारण कार्ड आलं की लगेच दहा नग काढून द्यायला मशीन मोकळं नसतं. तिथे आधी विचारायचं ते हे, की दिवसाला आपल्याला किती सेटिंग परवडतात?

शिफ्टची ४८० मिनिटं. सुरुवात, चहा, सफाई, चिप काढणं यात ४० गेली, उरली ४४०. केसिंगला साडेतीन मिनिटं, म्हणजे ६० नगांना २१०. अडॅप्टरला अडीच मिनिटं, म्हणजे ६० नगांना १५०. दोन्ही मिळून ३६०. सेटिंगसाठी उरली ८० मिनिटं. चक, जॉ, टूल, पहिला नग तपासणं हे धरून एका सेटिंगला ३० मिनिटं लागतात. म्हणजे दिवसाला दोनच सेटिंग बसतात, एक केसिंगचं आणि एक अडॅप्टरचं.

यावरून बॅच आपोआप ठरते. दिवसातून एकदाच केसिंग चढणार असेल तर त्या वेळी दिवसाचा पूर्ण खप काढावा लागेल. ६० नग, सहा क्रेट. ‘कानबान म्हणजे लहान बॅच’ असं ऐकून इथे वीस-वीसच्या बॅच करायला गेलात तर दिवसाला सहा सेटिंग होतील, त्यात १८० मिनिटं जातील आणि संध्याकाळी पंप कमी निघतील. मग दोष कार्डांना येईल.

आता कार्डांची संख्या

केसिंगची कार्डं तीन भागांत मोजू.

पहिला भाग बॅचचा. सहा कार्डं जमली की केसिंगची पाळी लागते. म्हणून ६.

दुसरा भाग वाट पाहण्याचा. सहावं कार्ड अडकवलं तेव्हा सर्वात वाईट परिस्थिती काय असेल? त्याच क्षणी अडॅप्टरचं सेटिंग सुरू झालेलं असेल. ते ३०, अडॅप्टरची बॅच १५०, मग केसिंगचं सेटिंग ३०, पहिला क्रेट भरायला ३५, धुणं-तपासणं-नेणं २५. एकूण २७० मिनिटं, साडेचार तास. असेंब्लीवर आठ मिनिटाला एक पंप निघतो, म्हणजे तेवढ्यात ३४ केसिंग लागतील. चार क्रेट धरा. म्हणून ४.

तिसरा भाग राखीव. इन्सर्ट तुटला, वीज गेली, एकामागून एक कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाले. यासाठी २.

एकूण १२ कार्डं. म्हणजे तयार केसिंग कधीही १२० च्या वर जाणार नाहीत, दोन दिवसांचा माल. राखीव ठरवताना हात सैल सोडण्याचा मोह होतो. सुरुवातीला एखादं कार्ड जास्त असेल तर चालेल, पण ‘असू द्या’ म्हणून वीस छापली तर पुन्हा पहिलाच ढीग रॅकवर येईल, फक्त लॅमिनेट केलेला.

पहिला क्रेट आल्यावर पुढची काळजी नाही. सीएनसी ३५ मिनिटांत क्रेट भरतं आणि असेंब्लीला तो ८० मिनिटं पुरतो.

कार्डावर काय लिहायचं

पोस्टकार्डाएवढा आकार पुरतो. वर भोक, बोर्डाच्या हुकाला अडकेल असं. पार्टचं रोजच्या बोलण्यातलं नाव मोठ्या अक्षरात, खाली पार्ट नंबर, आणि शक्यतो फोटो. मग नग १०, कुठे बनतो (सीएनसी), कुठे ठेवायचा (रॅक आणि खाना), आणि कार्डाचा क्रमांक: ‘४ / १२’.

हा शेवटचा क्रमांक बरेच जण गाळतात. तो नसेल तर एक कार्ड हरवलं हे कळायलाच महिना जातो, कारण अकरा कार्डं बाराच्याइतकीच भरगच्च दिसतात. क्रमांक असला की आठवड्याच्या तपासणीत ‘७ नंबर कुठाय?’ हा प्रश्न विचारता येतो. कोपऱ्यात छापल्याची तारीखही टाका. पुढे संख्या बदलल्यावर जुनं कार्ड कुणाच्या तरी ड्रॉवरमधून उगवतं, तेव्हा ती कामी येते. केसिंग आणि अडॅप्टरच्या कार्डांचे रंग वेगळे असावेत.

बोर्ड

बोर्ड असेंब्ली आणि सीएनसी यांच्या मध्ये, दोघांनाही जाता-येता दिसेल असा हवा. केबिनमध्ये नको. प्रत्येक पार्टला एक उभी रांग, केसिंगच्या रांगेत बारा हुक. कार्ड खालून वर भरत जायचं.

पहिले पाच हुक हिरवे: केसिंग चढवायचं नाही. सहा ते दहा पिवळे: चालू बॅच संपली की पुढचा नंबर केसिंगचा. अकरा आणि बारा लाल: चालू काम थांबवून केसिंग घ्या आणि सुपरवायझरला बोलवा.

लाल रंग अकरापासूनच का, हे पाहून घेऊ. दहावं कार्ड अडकतं तेव्हा वाट पाहण्याचे चार क्रेट वापरात गेलेले असतात आणि राखीवचे दोन शिल्लक. अकरावं अडकलं म्हणजे राखीवचा पहिला क्रेट उघडला. हाताशी वीस नग आहेत, दोन तास चाळीस मिनिटांचे. अडॅप्टर उतरवून केसिंगचा पहिला क्रेट द्यायला सेटिंग ३०, भरणं ३५, धुणं-तपासणं २५ असा दीड तास लागतो. म्हणजे लाल दिसल्यावर हालचाल केली तर असेंब्ली थांबत नाही. लाल रंग याच हिशेबाने लावा. लाल दिसल्यावर वेळच उरत नसेल तर त्या रंगाचा उपयोग नाही, आणि रोज लाल दिसत असेल तर आठवड्याभरात कुणी त्याच्याकडे बघणार नाही.

कार्ड कधी काढायचं

क्रेटमधला पहिला नग उचलताना. शेवटचा नग संपल्यावर नाही.

सगळा हिशेब या एका सवयीवर उभा आहे. शेवटी काढलं तर प्रत्येक कार्ड ऐंशी मिनिटं उशिरा बोर्डावर जातं, म्हणजे जवळजवळ एक क्रेट राखीवमधून गुपचूप गेला. कार्ड क्रेटच्या तोंडावर आडवं लावा, इतकं आडवं की ते काढल्याशिवाय पहिला नग निघूच नये. मग सांगावं लागत नाही.

या उदाहरणात बोर्ड असेंब्लीच्या टेबलापासून चार पावलांवर आहे, म्हणून असेंब्लीवालाच कार्ड अडकवतो. तुमच्याकडे बोर्ड लांब असेल तर टेबलाशी पेटी ठेवा आणि हेल्परने ती ठरलेल्या वेळी रिकामी करावी. पण दोन तासांनी एकदा रिकामी होणार असेल तर ते दोन तास वाट पाहण्याच्या २७० मिनिटांत मिळवा आणि संख्या पुन्हा काढा.

सीएनसीवाल्याने बॅच घेताना सहा कार्डं बोर्डावरून काढायची, मशीनशी लावायची, आणि क्रेट भरून तपासला की एकेक कार्ड क्रेटवर चढवायचं. कार्ड चढलेला क्रेट म्हणजे दहा चांगले नग. ब्लोहोलवाला नग लाल बिनमध्ये, आणि त्याच्या जागी नवं कास्टिंग मशीन करायचं. ‘नऊ आहेत, एक नंतर देतो’ चालणार नाही.

पहिल्या दिवशी रॅकवर ३०० केसिंग असतात

असतातच. ती फेकायची नाहीत आणि त्यांच्यासाठी जादा कार्डंही छापायची नाहीत. बारा क्रेटना बारा कार्डं लावा. बाकीचे क्रेट विनाकार्ड, वेगळ्या खान्यात. असेंब्लीने आधी विनाकार्ड क्रेट वापरायचे. तेवढे दिवस बोर्डावर एकही कार्ड जाणार नाही आणि सीएनसी केसिंग बनवणार नाही. १८० जादा नग म्हणजे तीन दिवस.

हे तीन दिवस कठीण असतात. सीएनसीवाला मोकळा दिसतो आणि मालकाला ते सहन होत नाही. या वेळात अडॅप्टरची मागची बाकी पूर्ण करा, जॉ बोअर करून घ्या, सेटिंगच्या वेळेकडे बघा. केसिंग मात्र चढवू नका. पुढेही बोर्ड हिरवा असताना ‘खाली बसण्यापेक्षा काढून ठेव’ असं जो म्हणेल, बहुधा तो सुपरवायझरच असतो, त्याला एकच दाखवा: ते नग ठेवायला क्रेटवर लावण्यासाठी कार्ड नाही.

बेअरिंग: डीलरशी लावलेलं कार्ड

आता विकतचा माल. ६२०३ बेअरिंग, पंपाला एक, दिवसाला ६०. बिनमध्ये ५० नग. डीलर गावातलाच, त्याचा माणूस मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, जमलेली कार्डं नेतो आणि मागच्या खेपेच्या कार्डांचा माल देतो.

इथे भरपाईला किती दिवस? बहुतेक जण सांगतील तीन, कारण मंगळवारी सांगितलेला माल शुक्रवारी येतो. पण एखादं कार्ड मंगळवारी माणूस गेल्यानंतर मोकळं झालं तर ते शुक्रवारपर्यंत पेटीतच बसेल. कामाचे तीन दिवस तिथे गेले. शुक्रवारी उचललेल्या कार्डाचा माल मंगळवारी येईल, रविवार सोडला तर आणखी तीन. एकूण सहा. खप ३६०, एक खेप एक दिवस हुकली तर म्हणून ६० राखीव, ४२०. भागिले ५०, आठ पूर्णांक चार. नऊ कार्डं.

तीन दिवस धरले असते तर पाचच कार्डं आली असती आणि पहिल्याच पंधरवड्यात बेअरिंग संपली असती. कार्डपद्धत ‘आमच्याकडे चालली नाही’ म्हणणाऱ्यांना कार्ड उचललं जाईपर्यंतचा वेळ धरला होता का, हे विचारून पाहा. उलट, डीलरला रोज संध्याकाळी मोकळ्या कार्डांचा फोटो पाठवला आणि फेऱ्या त्याच ठेवल्या, तरी त्याला माल बांधायला वेळ मिळतो. जो माल तो दुसऱ्या दिवशी देऊ शकतो तो पुढच्याच फेरीत येतो. त्या बोलीवर कार्डं कमी करता येतात, पण बोली महिनाभर पाळली गेल्यावरच.

डीलरशी दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. भाव आणि वर्षाचा अंदाजे खप यांची एकच ओपन ऑर्डर, म्हणजे प्रत्येक कार्डाला नवी पीओ आणि सही लागणार नाही. आणि पैसे वेळेवर. साठ दिवसांचं बिल नव्वदवर नेलं की डीलरचा माणूस मंगळवारी येत नाही. त्याच्यावर कार्डांचा इलाज नाही.

बोल्टला कार्डांची गरज नाही

एम-६ बोल्ट पंपाला चार. यासाठी बोर्ड, हुक, क्रमांक असलं काही करू नका. घरी गॅसचे दोन सिलिंडर असतात तसे दोन बिन ठेवा: पुढचा संपला की मागचा ओढायचा आणि रिकामा बिन स्टोअरच्या खिडकीत. रिकामा बिन हेच कार्ड. फक्त प्रत्येक बिनमध्ये स्टोअरला भरायला लागणाऱ्या वेळाच्या दीडपट माल हवा. दिवसाला २४० बोल्ट आणि स्टोअर दोन दिवसांत भरणार असेल, तर बिनमध्ये साडेसातशे ठेवा. बोल्ट मोजू नका, वजन करा.

काय बिघडतं आणि कसं कळतं

आठवड्यातून एकदा, वार ठरवून, एका माणसाने १ ते १२ कार्डं शोधायची: किती बोर्डावर, किती मशीनशी, किती भरल्या क्रेटवर. दहा मिनिटांचं काम आहे. एखादा नंबर सापडला नाही तर त्याच दिवशी नवं कार्ड करा, त्यावर नवी तारीख टाका.

कार्डं सहसा हरवत नाहीत, ती अडकतात. रिकाम्या क्रेटच्या ढिगात तळाशी, स्टोअरवाल्याच्या ड्रॉवरमध्ये ‘एकदम देतो’ म्हणून, किंवा सीएनसीवाल्याच्या खिशात, कारण त्याला सलग केसिंगच काढायचं असतं आणि अडॅप्टर त्याच्या डोक्याला ताप आहे. शेवटचं ओळखणं सोपं आहे: बोर्डावर केसिंगची कार्डं दिसत नाहीत, रॅकवर भरलेले क्रेटही तेवढे नाहीत.

दुसरी खूण कार्ड नसलेल्या भरलेल्या क्रेटची. रॅकवर तो दिसला की कुणीतरी परवानगीशिवाय माल बनवला आहे. तो क्रेट तिथून काढून सर्वांना दिसेल अशा जागी ठेवा आणि आधी तोच वापरा. ओरडण्यापेक्षा याचा परिणाम जास्त होतो.

आणि महिनाअखेर. पहिल्या पंधरवड्यात दिवसाला ४० पंप आणि शेवटच्या आठवड्यात ९०, असं डिस्पॅच असेल तर ६० वर काढलेली बारा कार्डं शेवटच्या आठवड्यात कमी पडणारच. ९० पंपांना केसिंगला ३१५ मिनिटं आणि अडॅप्टरला २२५ लागतात, म्हणजे सीएनसीच्या ४४० मिनिटांत ती मावतच नाहीत. कार्डं वाढवून हा प्रश्न सुटत नाही. असेंब्लीची रोजची संख्या सपाट करावी लागते. तयार पंपांचा थोडा साठा ठेवणं परवडतं, पण रोज वेगळा आकडा परवडत नाही.

पंपाचा हंगाम ही वेगळी गोष्ट, कारण तो दिसत येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर खप चढतो आणि पावसाळ्यात उतरतो. जानेवारीत आणि जूनमध्ये संख्या नव्याने काढा. वाढीव कार्डं वेगळ्या रंगात छापा आणि त्यांच्यावर ‘३१ मेपर्यंत’ असं ठळक लिहा. त्या तारखेनंतर ते कार्ड मोकळं झालं की बोर्डावर न जाता थेट सुपरवायझरकडे. ही तारीख नसेल तर उन्हाळ्याचा साठा दिवाळीपर्यंत रॅकवर बसतो. दिवसाचा खप ७५ झाला तर सेटिंगसाठी उरतात ती मिनिटंही पुन्हा मोजा: केसिंग २६२.५, अडॅप्टर १८७.५, बेरीज ४५०. एका शिफ्टमध्ये जमत नाही. तेव्हा ओव्हरटाइम किंवा काही अडॅप्टर बाहेर जॉबवर्कला, हे जानेवारीतच ठरवता येतं.

मागे फाउंड्री

तयार केसिंगचं कार्ड चाललं, पण कच्चं कास्टिंगच संपलं तर बोर्ड लाल राहतो. फाउंड्री आपल्या दहा नगांसाठी पॅटर्न लावणार नाही. तिथे क्रेटगणिक कार्ड न लावता एकच मोठी पट्टी लावा. सांगितल्यापासून कास्टिंग यायला कामाचे पाच दिवस, म्हणजे ३०० चांगले नग. शंभरात चार ब्लोहोलने जातात असं धरलं तर ३१३ कास्टिंग, अधिक एका दिवसाची राखीव, सुमारे ३७५. पॅलेटवर ७५ नग मावतात. मग शेवटून पाचव्या पॅलेटला पट्टी बांधा. ते पॅलेट उघडताना पट्टी हातात येते, ती गेली ऑफिसात, ऑफिसातून फाउंड्रीला ४५० नगांचा फोन. पट्टी बांधलेलं पॅलेट मागच्या रांगेत जाऊ नये एवढं बघा. नवा माल पुढे लावण्याची सवय असते आणि मग पट्टी सगळ्यात शेवटी सापडते.

कार्डं कमी करणं

दोन महिने नीट चाललं की मागचं पाहा. महिन्याभरात केसिंगचे भरलेले क्रेट कमीत कमी किती उरले होते? रोज संध्याकाळी बोर्डाशी टांगलेल्या कागदावर एक आकडा लिहिला तरी पुरे. ते कधीच तिनाच्या खाली गेले नसतील तर एक कार्ड काढून घ्या. एकदम तीन नाही. एक काढा, महिना जाऊ द्या, लाल किती वेळा आलं ते बघा. काढलेल्या कार्डावर तारीख लिहून ते फाइलला लावा आणि उरलेली कार्डं ‘१ / ११’ पासून नव्याने क्रमांकित करा, हुकांचे रंगही सरकवा.

एकेक कार्ड काढून मात्र फार दूर जाता येत नाही, कारण बारापैकी सहा कार्डं बॅचची आहेत आणि बॅच सेटिंगमुळे आहे. म्हणून पुढचा घाव सेटिंगवर. जॉ आधी बोअर करून तयार ठेवले, लागणारी टूल आणि ऑफसेटचा कागद ट्रॉलीवर आधीच आणला, पहिल्या नगाचा गेज मशीनशीच ठेवला, तर ३० मिनिटांचं सेटिंग १५ वर येणं शक्य आहे. मग त्याच ८० मिनिटांत चार सेटिंग बसतात. बॅच अर्धी होते, ३० नग, तीन क्रेट. वाटही कमी होते: अडॅप्टरचं सेटिंग १५, त्याची अर्धी बॅच ७५, केसिंगचं सेटिंग १५, क्रेट ३५, तपासणी २५. एकूण १६५ मिनिटं, २१ नग, तीन क्रेट. राखीव तेच दोन. तीन, तीन आणि दोन, आठ कार्डं. पिवळे हुक आता तीन ते सहा, लाल सात आणि आठ. अडॅप्टरचंही असंच होतं, आणि दोन्हींचा मिळून रॅकचा एक अख्खा खाना मोकळा होतो. त्या खान्यावर लगेच पट्टी ओढून ‘येथे काही ठेवू नये’ असं लिहा, नाहीतर सोमवारपर्यंत तिथे कुणीतरी रिजेक्शन लावून ठेवलेलं असेल.